नंबर खरा, गाडी कोणाची? इसार देण्याआधी जुनी गाडी तपासताना

एक उदाहरण धरून चालू. पारोळ्याच्या एका कुटुंबाला सात सीटांची गाडी घ्यायची आहे. मोबाईलवर जाहिरात दिसते: पांढरी एर्टिगा, पेट्रोल, मार्च २०१९, एमएच-१५ पासिंग, पहिलाच मालक. तशाच गाडीला बाकीचे साडेसात लाख सांगतात, हा सहा सांगतो. गाडी धुळ्यात बघायला मिळेल, मूळ मालक नाशिकला असतो आणि विकणारा म्हणे त्याचा मावसभाऊ. फोनवर अगदी घरच्यासारखं बोलणं: "गाडी एकदम क्लिअर शे भाऊ. दुसरी पार्टी आज संध्याकाळी येतेय. वीस हजार टाकून ठेवा, मग गाडी तुमची."

आपल्याकडे खानदेशात अशा गाडीचा कुणाला संशयही येत नाही. नवापूरवरून सुरत, शिरपूरवरून सेंधवा, रावेरवरून बऱ्हाणपूर, सगळी हाकेच्या अंतरावर. जीजे आणि एमपीच्या गाड्या रोज बाजारपेठेत उभ्या असतात, नाशिक पासिंगची गाडी धुळ्यात आणि धुळ्याची जळगावात विकली जाते. परगावचा नंबर हे आपल्याकडे संशयाचं कारण होऊच शकत नाही. त्यामुळे तपासणी दुसरीकडून सुरू करावी लागते.

चोरीची गाडी कागदासकट विकायचे मुख्य दोन रस्ते आहेत. पहिल्यात चोर त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, रस्त्यावर रोज धावणारी एखादी गाडी हेरतो आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीवर लावतो. आरसी बुक बनावट, पण त्यावरची माहिती खऱ्या गाडीची. दुसऱ्यात अपघातात चेंदामेंदा झालेली, विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी भंगारात घेतली जाते, ती फक्त तिच्या कागदांसाठी. मग तशीच गाडी चोरून तिच्यावर भंगार गाडीचा चेसिस नंबर ठोकतात. इथे आरसीही खरी असते आणि नंबरही खरा, खोटा असतो तो लोखंडाचा तुकडा.

दोन्ही प्रकारांत फसणारा माणूस एकच वाक्य सांगतो: "मी ॲपवर बघितलं होतं, सगळं बरोबर दाखवत होतं." दाखवणारच. परिवहन खात्याचं पोर्टल नंबरची माहिती देतं. तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीबद्दल त्याला काहीही ठाऊक नाही. म्हणून तपासणीत दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात. समोरची गाडी ही त्या नोंदीतलीच गाडी आहे, आणि समोरचा माणूस हा त्या नोंदीतलाच मालक आहे किंवा त्याने पाठवलेला आहे. बाकी इंजिनाचा आवाज, टायर, पॉलिश हे सगळं त्यानंतर.

घरी बसून काय मागायचं

धुळ्याला जायच्या आधी विक्रेत्याकडून फोटो मागवा. आरसीच्या दोन्ही बाजू, चालू विम्याची पॉलिसी, पुढच्या व मागच्या नंबरप्लेटचे अगदी जवळून काढलेले फोटो, आणि पुढच्या काचेवरच्या नोंदणी स्टिकरचा फोटो. स्टिकरचा फोटो मुद्दाम मागा, कारण तो मागायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि त्यामुळे तो द्यायची तयारीही विक्रेत्याने केलेली नसते. "आधी टोकन टाका, मग कागद पाठवतो" असं उत्तर आलं तर विषय तिथेच संपवा. ज्याची गाडी आहे त्याला कागदाचा फोटो पाठवायला टोकन लागत नाही.

आरसी हातात आली की `vahan.parivahan.gov.in` वर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसेल, चेसिस व इंजिन नंबरही पूर्ण दिसणार नाहीत. पण मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, गाडी काळ्या यादीत आहे का आणि प्रदूषणाचं मानक एवढं कळतं. आपल्या एर्टिगाच्या बाबतीत सगळं जुळलं: मार्च २०१९, पेट्रोल, बीएस-४, बोजा नाही. यावर समाधान मानू नका. दुसऱ्याचा नंबर लावलेल्या, म्हणजे क्लोन केलेल्या गाडीचं पोर्टल नेहमीच स्वच्छ असतं, कारण ते एका सज्जन माणसाच्या गाडीचं असतं.

खरी माहिती मिळते ती आरसीवरच्या चेसिस नंबरच्या शेवटच्या आकड्यांतून. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या `mahatrafficechallan.gov.in` या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की थकीत दंड दिसतो. पीयूसीचं प्रमाणपत्र ऑनलाइन बघायला शेवटचे पाच लागतात. बनावट आरसी करणाऱ्याला खऱ्या गाडीचा पूर्ण चेसिस नंबर मिळाला नसेल तर तो शेवटचे आकडे मनाने भरतो, आणि मग या दोन्ही ठिकाणी माहिती जुळत नाही असा संदेश येतो. एकदा टायपिंग चुकलं असेल असं समजा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर धुळ्याला जायचं कारण उरत नाही. (आपली गाडी विकताना जाहिरातीत आरसीचा उघडा फोटो टाकणारे लोक या टोळ्यांचं काम फुकटात करून देतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

आकडे जुळले तरी चलनाकडे बारकाईने बघा, कारण चलनासोबत बहुधा फोटो असतो. तो फोटो बऱ्याचदा खऱ्या गाडीचा असतो. आपल्या एर्टिगावर एक चलन निघालं, नाशिक शहरात सिग्नल तोडल्याचं, दहा दिवसांपूर्वीचं. फोटोतल्या गाडीला छतावर कॅरिअर आणि मागच्या काचेवर मोठं स्टिकर. जाहिरातीतली गाडी मात्र साधी. कॅरिअर काढता येतं आणि स्टिकर खरवडता येतं, त्यामुळे एवढ्यावर कुणाला चोर ठरवू नका. पण विक्रेत्याला सहज विचारा, "गाडी धुळ्यात केव्हापासून उभी आहे?" तो म्हणाला, "दोन महिने झाले, हलवलेलीच नाही." आता दोन महिने धुळ्यात उभ्या असलेल्या गाडीने दहा दिवसांपूर्वी नाशिकचा सिग्नल कसा तोडला, हा प्रश्न तुमच्या हातात आला. तो त्याला लगेच विचारू नका.

फास्टॅगचं स्टेटमेंटही असंच बोलतं. मालकाच्या ॲपमधून गेल्या तीन महिन्यांचे टोल मागा. नाशिकहून धुळ्याला आलेली गाडी चांदवडच्या टोलवर दिसली पाहिजे. जळगावच्या पुढे भुसावळकडे गेली असेल तर नशिराबाद, इंदूरकडे गेली असेल तर सोनगीर, शिरपूर. खऱ्या मालकाला हे दाखवायला मिनिटही लागत नाही. "टॅग खराब झाला, काढून टाकला" हे उत्तर खरंही असू शकतं, पण मग जुन्या टॅगचं स्टेटमेंट तरी असतंच.

समोरचा माणूस मालक आहे का

आधार कार्डाची झेरॉक्स, आरसीवरचं नाव आणि माणसाचा चेहरा जुळला की झालं, असं समजणारे फार आहेत. आधारची रंगीत प्रिंट कुणीही काढू शकतं. त्याऐवजी दोन गोष्टी मालकाच्या स्वतःच्या फोनवर, तुमच्या समोर करून घ्या.

पहिली, डिजिलॉकर. मालकाने स्वतःच्या खात्यात लॉग-इन करून आरसी मागवायची. डिजिलॉकर आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव ताडून बघतो, दुसऱ्याच्या नावची आरसी सहसा देत नाही. आधी सेव्ह केलेली पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालणार नाही. ॲप बंद करून पुन्हा उघडायला सांगा आणि आरसी समोर उतरवून घ्या. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर खऱ्या मालकालाही अडचण येते, आपल्याकडे पाटील-महाजनांच्या नावांत वडिलांचं नाव कधी मध्ये असतं तर कधी नसतं. त्यामुळे इथे अडलं म्हणून लगेच चोर ठरवू नये, दुसरी चाचणी घ्यावी.

दुसरी चाचणी ओटीपीची. ती मला जास्त भरवशाची वाटते. वाहन पोर्टलवर मालकी हस्तांतरणाचा अर्ज सुरू करताना नोंदणीतल्या मोबाईलवर ओटीपी जातो. अर्ज पूर्ण करायची गरज नाही. फक्त ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो ते बघायचं. क्लोन गाडीच्या बाबतीत तो नाशिकच्या खऱ्या मालकाच्या फोनवर वाजेल आणि तुमच्या समोरचा माणूस शांत उभा राहील.

मग कारणं सुरू होतात. "ते सिम बंद झालं." "तेव्हा एजंटने स्वतःचा नंबर टाकला होता." दुसरं कारण आपल्याकडे खरंच घडतं, शोरूममधल्या माणसाने किंवा आरटीओ एजंटने आपलाच नंबर टाकलेल्या कितीतरी गाड्या फिरतायत. उत्तर साधं आहे: मालकाने आधी स्वतःचा मोबाईल नंबर नोंदवून घ्यावा, मग पुढे बोलू. तसंही हस्तांतरणाला तो लागणारच आहे. तोपर्यंत इसार नाही. खरा मालक थोडा वैतागेल आणि चार दिवसांनी फोन करेल, दुसरा पुन्हा फोन करणार नाही.

मालक वारला असेल, गाडी वडिलांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावावर गाडी झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि मावसभाऊ, भाचा, मित्र यांच्याशी सौदा करायचा असेल तर मूळ मालकाशी व्हिडिओ कॉल पुरेसा नाही. आरसीवरच्या पत्त्यावर कुणी ओळखीचं पाठवा. नाशिकला कुणाचं ना कुणाचं पोरगं शिकायला किंवा कंपनीत असतंच. त्याने त्या पत्त्यावर जाऊन तशीच पांढरी एर्टिगा दारात उभी बघितली, तर प्रकरण तिथेच उघडं पडतं. आणि त्या मालकालाही कळेल की भलत्याच्या चलनांचे मेसेज त्याला का येतायत.

लोखंड बघायला जाताना

गाडी दिवसा बघा. ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, हायवेच्या सर्व्हिस रोडवर नको. विक्रेत्याच्या घरी, किंवा सगळ्यांत चांगलं म्हणजे त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये. सोबत एक मऊ पेन्सिल, पातळ पांढरा कागद, मोबाईलचा टॉर्च आणि एक लहान चुंबक घ्या.

नंबरप्लेटपासून सुरुवात करा. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच येते, त्याआधीच्या गाड्यांना नंतर बसवावी लागली. आपली एर्टिगा मार्चची, म्हणजे नंतर बसवलेली, तेव्हा बुकिंगची पावती मागता येते. खऱ्या प्लेटवर डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, तो नखाने उचकटत नाही. खाली डावीकडे लेसरने कोरलेला बारीक कायमस्वरूपी क्रमांक असतो. पुढच्या आणि मागच्या प्लेटचे हे क्रमांक वेगवेगळे असतात. बाजारात मिळणाऱ्या नकली प्लेटवर हा क्रमांक नुसता छापलेला असतो, किंवा दोन्ही प्लेटवर एकच असतो, किंवा नसतोच. बोट फिरवलं तरी फरक जाणवतो. प्लेट साध्या स्क्रूने बसवलेली असेल तरी विचारा, खरी प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने बसवतात.

आता पुढच्या काचेवरचं स्टिकर. त्यावर गाडीचा नंबर, दोन्ही प्लेटचे लेसर क्रमांक, आणि इंजिन व चेसिस नंबरची माहिती असते. पेट्रोल व सीएनजीला फिका निळा रंग, डिझेलला केशरी. बीएस-६ गाड्यांच्या स्टिकरवर वरच्या बाजूला एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी येते. हे स्टिकर काढायला गेलं की फाटतं, त्यामुळे ते दुसऱ्या गाडीवर जसंच्या तसं नेता येत नाही. आपल्या एर्टिगाच्या काचेवर स्टिकर नव्हतंच. काचेच्या आतल्या कोपऱ्यात तिरपा टॉर्च मारल्यावर एक चौकोनी चिकट डाग दिसला, त्याच्या वरच्या कडेला हिरव्या रंगाचा एक कण चिकटलेला. मार्च २०१९च्या बीएस-४ गाडीवर हिरवी पट्टी कुठून आली? काच बदलली असेल, दुसऱ्या गाडीची बसवली असेल, अशी शक्यता आहेच. म्हणून पुढे जाऊ.

चेसिस नंबर कुठे ठोकलेला असतो ते मॉडेलनुसार बदलतं, मालकाच्या पुस्तिकेत जागा दिलेली असते. काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखाली कार्पेटच्या झाकणाखाली. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या वेगळी चेसिस असलेल्या गाड्यांत तो चाकाजवळच्या जाड फ्रेमवर असतो. तिथे ग्रीस आणि चिखल असतो, तो आपल्या हाताने पुसा.

नंबर वाचायच्या आधी त्याच्याभोवतीचा पत्रा बघा. कंपनीत ठोकलेली अक्षरं एका रेषेत, एका खोलीची, सारख्या अंतरावर असतात. ग्राइंडर मारून पुन्हा ठोकलेल्या ठिकाणी पत्रा किंचित खोल किंवा गुळगुळीत लागतो, रंग आजूबाजूपेक्षा ताजा असतो, एखादं अक्षर तिरपं पडतं. टोटल लॉसच्या गाडीचा नंबर असलेला तुकडाच कापून आणून वेल्डिंग करतात. मग त्या चौकोनाच्या कडेने बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो, किंवा तो लपवायला पुट्टी भरलेली असते. चुंबक तिथे कामाला येतं. शेजारच्या पत्र्याला घट्ट बसणारं चुंबक पुट्टीवर ढिलं पडतं. भोवती काळं अंडरकोटिंग फक्त तेवढ्याच जागी जाड मारलेलं असेल तर ते का मारलं, हे विचारायलाच हवं.

मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासून छाप घ्या. हस्तांतरणाच्या वेळी एजंट घेतात तोच छाप. डोळ्याला सरळ दिसणारी ओळ कागदावर उतरली की वाकडेपणा लगेच कळतो, आणि खाली आधीच्या अक्षरांचे ओरखडे राहिले असतील तर तेही कधीकधी उमटतात. छाप घेऊ न देणारा विक्रेता दुसरं काही दाखवो न दाखवो, तिथून परत फिरा.

नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. घाईत ठोकणाऱ्याने शून्याच्या जागी ओ ठोकला तर तो पकडला जातो. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर वर्षाचं: `J` म्हणजे २०१८, `K` २०१९, `L` २०२०, `M` २०२१. आपल्या एर्टिगाच्या पत्र्यावर दहावं अक्षर `K` होतं, आरसीशी जुळणारं. ठोकणाऱ्याने एवढा अभ्यास केलेला असतो.

पण गाडीवर वर्ष एकाच ठिकाणी लिहिलेलं नसतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खाली, पट्टा गाडीला जोडलेला असतो तिथे शिवलेलं एक लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख बहुधा असते. आपल्या एर्टिगाच्या चालकाच्या बेल्टवर २०२१. एखादा बेल्ट अपघातानंतर बदलला असेल. म्हणून शेजारचा बघितला: २०२१. मधल्या सीटचा, २०२१. मार्च २०१९ला नोंदणी झालेल्या गाडीचे सगळे बेल्ट दोन वर्षांनी नव्याने बनून आले, हे मी तरी मान्य करणार नाही. चेसिस नंबर सगळेच चोर बदलतात, सीटबेल्टच्या लेबलाकडे ते सहसा बघत नाहीत.

शेवटची आणि सगळ्यांत निर्णायक गोष्ट वर्कशॉपमध्ये. गाडीच्या कॉम्प्युटरमध्येही चेसिस नंबर साठवलेला असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत तो स्क्रीनवर येतो. साधा स्कॅनर काही गाड्यांत नंबर दाखवत नाही, कंपनीचा बहुधा दाखवतो. जुन्या गाड्यांत हा उपाय चालेलच असं नाही, आणि कॉम्प्युटर बदललेला असेल तर नंबर जुळत नाही. पण जेव्हा तो स्पष्ट दिसतो आणि पत्र्यापेक्षा वेगळा असतो, तेव्हा सौदा संपला. आपल्या एर्टिगाच्या स्क्रीनवर दहावं अक्षर `M` आलं. काचेवरचा हिरवा कण, बेल्टवरचं २०२१ आणि स्क्रीनवरचा `M`, तिघांनी एकच सांगितलं: ही गाडी २०२१ची, अंगावर २०१९च्या गाडीचा नंबर घेतलेली.

वर्कशॉपमध्ये असतानाच सर्व्हिस रेकॉर्डही काढायला सांगा. आरसीवरच्या नंबरची गाडी गेल्या महिन्यात नाशिकच्या वर्कशॉपमध्ये अमुक किलोमीटरवर सर्व्हिस झाली आणि समोरच्या गाडीचं मीटर त्यापेक्षा पंचवीस हजारांनी कमी असेल, तर वेगळं काही शोधायची गरज नाही.

चोरीच्या नोंदीत गाडी सापडत नाही, त्याचं कारण

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या `digitalpolicecitizenservices.gov.in` या साइटवर गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का ते नागरिकाला बघता येतं. लोक तिथे प्लेटवरचा नंबर टाकतात आणि "नोंद नाही" वाचून निश्चिंत होतात. प्लेटवरचा नंबर तर चोरी न झालेल्या गाडीचा आहे, त्याची नोंद असणारच कशी? तिथे शोधायचा तो स्कॅनरवर दिसलेला चेसिस नंबर आणि इंजिनावर प्रत्यक्ष वाचलेला इंजिन नंबर. इंजिनावरचा नंबर अडचणीच्या जागी असतो, काही वेळा चोर त्याला हात लावत नाहीत. तो आरसीशी जुळला नाही आणि "इंजिन बदललंय" असं सांगितलं, तर बदल आरसीवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंद नसेल तर ती सबब समजा.

टोटल लॉसची गाडी: कागद खरे असताना

हा प्रकार पकडणं जास्त अवघड, कारण ओटीपी बरोबर येतो, मालक खरा असतो, पोर्टलही बरोबर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५प्रमाणे गाडी नष्ट झाली की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. कितीतरी जण कळवत नाहीत, आरसी तशीच जिवंत राहते आणि भंगारासोबत विकली जाते.

इथे विम्याच्या इतिहासाकडे बघा. सध्याच्या पॉलिसीवर आधीच्या कंपनीचं नाव असतं. आधीच्या कंपनीच्या शाखेत मालकालाच घेऊन जा आणि मोठा दावा झाला होता का ते विचारा. तुम्ही एकटे गेलात तर सांगणार नाहीत. संशय घ्यावा असा नमुना ठरलेला असतो. फुल इन्शुरन्स मध्येच थांबलेला, काही महिन्यांची फट, मग दुसऱ्याच कंपनीची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी, आणि त्याच सुमारास मालक बदललेला. परराज्यातून एनओसी घेऊन आलेल्या गाडीत ही फट असेल तर जास्तच जपा. एनओसीचा कागद बनावट असू शकतो, म्हणून पोर्टलवर एनओसीची नोंद आहे का ते बघा आणि जिथून निघाली त्या आरटीओत खात्री करा.

आणि एक उलटा प्रश्न. जुन्या दाव्यात गाडीचा पुढचा भाग पूर्ण गेल्याची नोंद आहे, पण समोरच्या गाडीच्या बॉनेटखालचे कंपनीचे वेल्ड आणि बोल्टवरचा रंग अगदी मूळचा आहे. दुरुस्तीची खूण नाही. सामान्य गिऱ्हाईक याने खूश होतं. तुम्ही मात्र विचारा, मग ठोकर लागली ती गाडी कुठे गेली?

पैसे कधी

ओटीपी मालकाच्या फोनवर आला, चेसिसचा छाप स्वच्छ उतरला, स्कॅनर आणि सीटबेल्ट आरसीशी जुळले, एवढं झाल्यावरच इसाराची गोष्ट काढा. रक्कम लहान, आणि ती आरसीवरच्या मालकाच्याच बँक खात्यात. मावसभावाच्या यूपीआयवर नाही, रोख नाही. विक्रेता जुन्या गाड्यांचा डीलर असेल तर २०२३पासून त्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, ते मागा. बाकी रक्कम हस्तांतरणाचा अर्ज दोघांच्या ओटीपीने पूर्ण झाल्यावर आणि दोन्ही चाव्या हातात आल्यावर. एकच चावी असेल तर दुसरी हरवल्याचं कारण विचारा.

स्टॅम्प पेपरवरच्या नोटरीवर भिस्त ठेवू नका. चोरीच्या मालाची मालकी चोराकडे नसते, म्हणून ती तुमच्याकडेही येत नाही. गाडी पोलीस जप्त करतात आणि ती मूळ मालकाला, किंवा दावा देऊन मोकळ्या झालेल्या विमा कंपनीला जाते. तुम्हाला उरतो तो विक्रेत्यावर दावा, तोही तो सापडला तर. शिवाय चोरीचा माल आहे हे कळायला वाव होता का, हा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली तुम्हालाच विचारला जाऊ शकतो. तपासणीचे फोटो, छाप, चॅट आणि स्टेटमेंट तारखेसकट जपून ठेवा.

संशय पक्का झाला तर तिथेच वाद घालू नका. एकट्याने तर नाहीच. "घरी विचारून सांगतो" म्हणून निघा. तुमच्या आधारची प्रत त्याच्याकडे ठेवू नका, उद्या दुसऱ्या गाडीच्या कागदावर तुमचंच नाव दिसेल. बाहेर पडल्यावर ११२ला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. सांगताना गाडीचा नंबर, स्कॅनरवर दिसलेला चेसिस नंबर, विक्रेत्याचा मोबाईल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि गाडी उभी असलेली जागा एवढं तयार ठेवा. स्क्रीनवरच्या त्या सतरा अक्षरांचा फोटो सगळ्यांत आधी द्या. पोलीस त्यावरूनच ही गाडी कुणाच्या दारातून उचलली होती ते शोधू शकतील.